विस्तार की वृद्धी

अर्थशास्त्राची एक जागा रिकामी झाली आणि कॉलेजने ती भरली नाही. त्याऐवजी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या एक केल्या. इंग्रजी माध्यमाची आणि मराठी माध्यमाची मुलं एकाच हॉलमध्ये आली आणि तो हॉल माझ्या वाट्याला आला. मुलांनी पहिल्याच दिवशी आपापली सोय लावून घेतली. खिडकीच्या बाजूचे बाक इंग्रजीवाल्यांचे, भिंतीच्या बाजूचे मराठीवाल्यांचे. मधली वाट मोकळी. त्या वाटेवरून मी पुढेमागे जायची तेव्हा दोन वेगळ्या गावांच्या वेशीवरून चालतेय असं वाटायचं.

विभागप्रमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावून एकच सूचना दिली होती. "मॅडम, इंग्रजीत शिकवा. मराठीत सांगायची सवय लावलीत तर ही पोरं कुठंच टिकणार नाहीत." सर निवृत्तीला आले होते. कडक, पण माणूस वाईट नव्हता. मुलाखतीला निघालेल्या मुलांना स्वतःच्या खिशातून बसभाडं देताना मी त्यांना पाहिलं होतं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

पहिले काही तास मी इंग्रजीतच शिकवलं. भिंतीकडची मुलं फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची आणि वर बघायची, तेव्हा त्यांच्या नजरेत काहीच नसायचं. मग एके दिवशी मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डाव्या अंगाला इंग्रजी शब्द, उजव्या अंगाला मराठी. डिमांड कर्व्हसमोर मागणी वक्र. सप्लाय कर्व्हसमोर पुरवठा वक्र. इक्विलिब्रियम प्राइससमोर समतोल किंमत. आकृती एकच, ती मधल्या रेघेवर. बोलताना दोन्ही भाषा. खिडकीकडचा एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅम, टाइम डबल लागणार." तो शहरातला, हुशार, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वेळ खरंच जास्त लागायचा.

वक्र सरकण्याचा धडा आला तेव्हा मात्र वेळेची तक्रार कोणी केली नाही, कारण वर्गात भांडणच झालं.

त्या दिवशी मी मुलांना कटवड्याची किंमत विचारत होते. "कॅन्टीनमध्ये कटवडा चाळीसला असेल तर कोण घेणार? हात वर करा." थोडे हात वर आले. "तीसला?" आणखी हात. "वीसला?" बराचसा हॉल वर. मी प्रत्येक किमतीसमोर एकेक टिंब दिलं आणि टिंबं जोडली. डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी रेघ तयार झाली. "किंमत कमी झाली, बाकी काही बदललं नाही, आणि जास्त हात वर आले. आपण याच रेघेवरून खाली आलो. याला म्हणायचं मागणीचा विस्तार, एक्स्टेन्शन ऑफ डिमांड. उलट्या दिशेने वर गेलो तर मागणीचा संकोच, कॉन्ट्रॅक्शन."

मग मी म्हणाले, "आता समजा, आज तुम्हा सगळ्यांना घरून जादा पैसे मिळालेत. पुन्हा सांगा, चाळीसला कोण?" हसत हसत मघापेक्षा जास्त हात वर आले. तीसलाही जास्त. वीसला तर मागच्या बाकांवरचे उभेच राहिले. मी पहिल्या रेघेच्या उजवीकडे दुसरी रेघ काढली. "किंमत तीच. चाळीस म्हणजे चाळीसच. तरी मागणी जास्त. फक्त एका किमतीला नाही, प्रत्येक किमतीला जास्त. त्यामुळे अख्खा वक्रच उजवीकडे सरकला. हा शिफ्ट, स्थानांतर. मागणीतील वृद्धी, इन्क्रीज इन डिमांड. डावीकडे सरकला तर मागणीतील ऱ्हास, डिक्रीज इन डिमांड. उत्पन्न, आवडनिवड, दुसऱ्या वस्तूंच्या किमती, सणवार, हे बदललं तर वक्र सरकतो. त्या वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर सरकत नाही."

तेव्हा भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिच्या घरचं जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान होतं. ती रोज डोंगरावरून खाली यायची. एरवी ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी मोठ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्यो नियमच खोटा हाय."

"कुठला?"

"किंमत वाढली की मागणी घटती म्हणताय. यात्रंत नारळ महाग हुतोय आन् तरीबी दुप्पट खपतोय. आमी डोळ्यानं बघतोय की."

खिडकीकडून कोणीतरी हसलं. तिने तिकडे वळून बघितलं. "हसायला काय झालं? तुझ्या पुस्तकात लिवलंय म्हणून खरं व्हय?" त्यावर खिडकीकडच्या त्या हुशार मुलाने इंग्रजीत काहीतरी म्हटलं. भिंतीकडचे दोघेतिघे उठून उभे राहिले आणि हॉलमध्ये एकदम गलका झाला. मी डस्टर टेबलावर आपटलं.

"ती बरोबर बघतेय," मी म्हणाले. "नियमही बरोबर आहे. आता दोन्ही कसं बरोबर, ते बघू. यात्रा भरली तेव्हा आधी काय बदललं? नारळाची किंमत?"

"न्हाय. माणसं वाढली."

"मग आपण जुन्या रेघेवरून चालतोय, की रेघ सरकली?"

तिने फळ्याकडे बघितलं. "सरकली. उजवीकडं."

"म्हणजे वृद्धी. पुरवठ्याची रेघ आहे तिथेच आहे. मागणीची नवी रेघ तिला कुठे छेदते?"

"वर. आन् उजवीकडं."

"म्हणून किंमतही वाढली आणि खपही वाढला. महाग झाला म्हणून जास्त खपला नाही. जास्त मागणी आली म्हणून महाग झाला."

ती खाली बसली नाही. "आन् आमी महाग झालाय म्हणून जादा नारळ मागवतोय, ते?"

मला तो क्षण अजून आठवतो, कारण तो प्रश्न मी विचारणार होते आणि तो तिने विचारला. "तुम्ही किंमत वाढली म्हणून जास्त विकायला काढता. पुरवठ्याची रेघ सरकली का?"

"न्हाय. तिच्यावरनंच वर गेलो. म्हंजे..." ती थांबली. "पुरवठ्याचा विस्तार."

"मागणीत वृद्धी, पुरवठ्यात विस्तार. एकाच यात्रेत दोन्ही."

ती बसली, आणि वहीत काही न लिहिता बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. खिडकीकडच्या मुलाने मात्र ते उतरवून घेतलं. तास संपल्यावर तो तिच्या बाकाशी जाऊन काहीतरी विचारताना दिसला. ती त्याला हवेत बोटाने रेघा काढून दाखवत होती.

पुरवठ्याचा दिवस त्याहून अवघड गेला. पन्हाळ्याकडच्या एका मुलाच्या घरचं गुऱ्हाळ होतं. मी पुरवठ्यातील वृद्धी म्हणून वक्र उजवीकडे काढला तर तो म्हणाला, "मॅडम, वाढलाय म्हणताय आन् रेघ तर खाली गेल्याली दिसती." ही चूक दरवर्षी होते. वाढ म्हटलं की मुलं वर बघतात. मी त्याला म्हणाले, "वर-खाली बघूच नकोस. आडवी काठी धर, एकाच किमतीवर. ती काठी जुन्या रेघेला कुठे लागते आणि नव्या रेघेला कुठे लागते ते बघ." त्याने खरोखरच पट्टी घेऊन फळ्यावर आडवी धरली. "उजवीकडं लागती. त्याच भावाला जादा गूळ." मग मी विचारलं, साखर कारखान्यांनी उसाला जास्त दर दिला तर तुमच्या गुळाचं काय होईल? तो म्हणाला, "ऊस महाग पडंल. त्याच भावात तेवढा गूळ काढाय परवडणार न्हाय. रेघ डावीकडं." "पुरवठ्यातील ऱ्हास," मी म्हणाले. "आणि गूळ महाग झाल्यावर गिऱ्हाईक?" "कमी घील. पण त्येची रेघ तितंच. संकोच."

मुलांना शब्द येत होते, आणि मला आतून बरं वाटत होतं. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या दोन जोड्यांवरूनच झालं. विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास.

सत्राची परीक्षा आली. पेपर सरांनी काढला होता. ते सेट करतील आणि मी शिकवीन, असंच ठरलं होतं. पाकीट हॉलमध्ये फोडलं जायचं, त्याआधी मला काही दिसायचं नाही. आमच्याकडे प्रश्न आधी इंग्रजीत आणि त्याखाली मराठीत छापतात. सगळ्यात वर एक ओळ असते, दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा. ती ओळ कोणी वाचत नाही.

परीक्षा तीन हॉलमध्ये होती. मी मधल्या हॉलमध्ये पर्यवेक्षक होते. पेपर वाटून झाले, पंख्याखाली कागद फडफडायला लागले. अर्धा तास झाला असेल, जोतिबाच्या डोंगरावरच्या त्या मुलीने हात वर केला. मला वाटलं पुरवणी हवी असेल. मी गेले. तिने दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "मॅडम, इंग्रजीत इन्क्रीज हाय आन् मराठीत विस्तार हाय. कुठलं लिवू?"

मी खाली बघितलं. इंग्रजीत विचारलं होतं, इन्क्रीज इन डिमांड आकृतीसह स्पष्ट करा. त्याखाली मराठीत छापलं होतं, मागणीचा विस्तार आकृतीसह स्पष्ट करा.

मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. इंग्रजी वाचणारा दोन रेघा काढणार. मराठी वाचणारा एकच रेघ काढून तिच्यावर दोन बिंदू दाखवणार. दोघांनीही आपापला प्रश्न बरोबर वाचलेला असणार. आणि वरच्या त्या ओळीमुळे मराठीवाला चुकणार.

"मॅडम?"

पर्यवेक्षकाने प्रश्नाचा अर्थ सांगायचा नसतो. मी सांगितला असता तर या हॉलमधल्या मुलांना कळला असता, शेजारच्या दोन हॉलमध्ये नाही. तिथल्या मराठी मुलांनी काय पाप केलं होतं? आजूबाजूची डोकी वर होऊ लागली होती. मी तिला म्हणाले, "जरा थांब. बाकीचे प्रश्न लिही." दारातल्या शिपाईमामांना चिठ्ठी दिली, सरांना लगेच बोलवा म्हणून.

सर आले. मी दाराबाहेर गेले, एक डोळा आत ठेवून. पेपर त्यांच्यासमोर धरला.

"सर, दुसरा प्रश्न. मराठीत विस्तार पडलंय. वृद्धी हवं होतं. तिन्ही हॉलमध्ये एकच सूचना द्या, आत्ता. अजून वेळ आहे."

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. "विस्तार म्हणजे वाढच ना?"

"बोलताना वाढ. या विषयात नाही. विस्तार म्हणजे एक्स्टेन्शन."

"मॅडम, परीक्षा चालू असताना पेपर बदलायचा? उद्या बाहेर काय बोलतील माहितीये? वर स्पष्ट लिहिलंय, इंग्रजी ग्राह्य. त्यांनी इंग्रजी वाचायचं."

"मराठीत लिहायची परवानगी आपणच दिलीय, सर."

"लिहायची दिलीय. इंग्रजी वाचायचं नाही, असं कुठं म्हटलंय?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "आत जा. हॉल मोकळा सोडू नका."

ते गेले. मी आत आले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, पेन हवेत धरून. तिने बाकीचे प्रश्न लिहायला घेतलेच नव्हते. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "मला काही सांगता येत नाही. तुला जो प्रश्न विचारलाय असं वाटतं, त्याचं उत्तर लिही." ती खाली वाकली. थोड्या वेळाने मी तिच्या मागून गेले तेव्हा तिने दोन रेघांची आकृती काढली होती, मोठी, नीट, बाणांसकट. पुन्हा गेले तेव्हा त्या आकृतीवर आडवीतिडवी काट मारलेली होती आणि खाली ती दुसरी आकृती काढत होती, एका रेघेची. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

घंटा झाली तेव्हा ती लिहीतच होती. मी तिच्या हातातून पेपर घेतला. तिने सोडला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे आल्या, सरांच्या आदर्श उत्तरासह. दोन वक्र, उजवीकडे स्थानांतर, किंमत कायम. एका वक्रावरील हालचाल दाखवल्यास शून्य. मी गठ्ठा उलगडला. मराठीतल्या बहुतेक पत्रिकांवर एकच रेघ होती. वरचा बिंदू, खालचा बिंदू, किंमत कमी, मागणी जास्त, इतर परिस्थिती कायम. मी शिकवलं होतं तसंच, शब्दाला शब्द. मी लाल पेन उचललं आणि खाली ठेवलं. एकाही पत्रिकेवर त्या प्रश्नाला गुण न घालता मी तो गठ्ठा बांधून सरांच्या केबिनमध्ये नेला.

"मी इथे शून्य देऊ शकत नाही, सर."

"मग मी देतो. ठेवा."

"हे त्यांचं चुकलेलं नाही."

"मग माझं चुकलं, असं म्हणताय?"

मी गठ्ठा टेबलावर ठेवला. बाहेर स्टाफरूममधला आवाज थांबला होता. सर खुर्चीत मागे टेकले, आणि जेव्हा बोलले तेव्हा आवाज एकदम खाली आला होता.

"मी खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलो. या शहरात कॉलेजला आलो आणि पहिल्या दिवशी कर्व्हला कर्वे म्हणालो. अख्खा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. मग मी रात्रंदिवस डिक्शनरी पाठ केली. ते तुमचे वृद्धी नि ऱ्हास मी कधी शिकलोच नाही. गरजच ठेवली नाही. आणि म्हणून मी इथे या खुर्चीत बसलोय. तुम्ही यांना कुबड्या देताय."

"मी शब्दाशेजारी शब्द ठेवतेय, सर. इंग्रजी काढून घेत नाही."

"आणि बघा काय झालं त्याने. शेजारचा शब्द नसता तर सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं असतं."

मी म्हणाले, "मग हे प्राचार्यांसमोर ठरू दे." आणि म्हणताक्षणी कळलं की आता परतीची वाट नाही. मी कायम नव्हते. माझी नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, आणि त्या कागदावर पहिली सही सरांची असायची.

तोवर मुलांमध्ये बातमी पसरली होती. ग्रुपवर पेपरचा फोटो फिरत होता. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर भिंतीकडचे सगळे उभे होते, आणि थोड्या अंतरावर खिडकीकडचेही. गुऱ्हाळवाला मुलगा मोठ्यानं म्हणत होता, "आमी वाचलं त्येचंच उत्तर लिवलंय. चूक कुनाची आन् मार्क कुनाचं कापताय?" खिडकीकडचा हुशार मुलगा पुढे येऊन मला म्हणाला, "मॅम, त्यांना दोन्ही आन्सर्स चालणार असतील तर आम्हाला पण चालायला पाहिजेत. नाहीतर अनफेअर आहे." गुऱ्हाळवाला त्याच्या अंगावर गेला. "तुला कुनी इचारलं रं?" मी दोघांच्या मध्ये हात घातला आणि आत गेले.

प्राचार्य रसायनशास्त्राचे. त्यांनी सरांना बसायला सांगितलं, मला बसायला सांगितलं, आणि पेपर समोर ठेवला. "मला अर्थशास्त्र येत नाही. एकच सांगा. हे दोन शब्द एकच आहेत की वेगळे?"

"सामान्य मराठीत एकच," सर म्हणाले. "शब्दकोश बघा."

प्राचार्य माझ्याकडे वळले. टेबलावर पाठकोरे कागद होते. मी एक ओढला आणि खाली उतरणारी एक रेघ काढली. "सर, ही मागणी. इकडे वरपर्यंत किंमत, इकडे आडवी नगसंख्या. किंमत इथून इथे उतरली तर गिऱ्हाईक या बिंदूवरून या बिंदूवर येतं. रेघ तीच. हा विस्तार." मग दुसरी रेघ काढली. "किंमत जागेवरच आहे. पण लोकांचं उत्पन्न वाढलं, किंवा यात्रा भरली. आता त्याच किमतीला मागणी इथे. प्रत्येक किमतीला अशीच जास्त. ही वृद्धी. पहिल्यात कारण किंमत आहे. दुसऱ्यात किंमत सोडून बाकी काहीही."

प्राचार्यांनी कागद स्वतःकडे फिरवला. "म्हणजे एकात कारण किंमत, दुसऱ्यात दुसरंच काही. परिणाम दिसायला सारखा, जास्त खप."

"हो."

"आणि पोरांनी कारण गोंधळलं तर?"

"तर ती म्हणतील, महागाई झाली म्हणून खप वाढला. किंवा मागणी वाढली, किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून मागणी घटली, म्हणून किंमत उतरली, असं गोल गोल फिरत राहतील. यासाठीच दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतही दोन आहेतच."

प्राचार्य सरांकडे वळले. "इंग्रजीतही दोन आहेत?"

सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेरचा गलका दारातून येत होता. मग सर म्हणाले, "आहेत." आणि थोडं थांबून, "एक्स्टेन्शन आणि इन्क्रीज. वेगळे आहेत." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

निर्णय असा झाला, ज्यांनी मराठीतून लिहिलंय त्यांची विस्ताराची आकृती बरोबर असेल तर पूर्ण गुण, वृद्धीची बरोबर असेल तरी पूर्ण गुण. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांना वृद्धीचीच. बाहेर येऊन मी तो मुलांना सांगितला. हुशार मुलगा नाराज झाला. मी त्याला म्हणाले, "तुझा प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर तू बरोबर लिहिलंयस. तुझं काही गेलेलं नाही." तो म्हणाला, "माझं नाही मॅम, पण रूल सगळ्यांना सेम पाहिजे." त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्याने तसा अर्जही दिला, आणि तो द्यायचा हक्क त्याला होता.

पत्रिका परत वाटल्या त्या दिवशी डोंगरावरची ती मुलगी तास संपल्यावर थांबली. त्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण पडले होते. पण काट मारण्यात आणि पुन्हा काढण्यात तिचा इतका वेळ गेला होता की शेवटचा प्रश्न, पुरवठ्यातील ऱ्हासाचा, कोरा राहिला होता. कोऱ्या पानाला मी गुण देऊ शकत नव्हते. ती काठावर पास झाली होती.

"मॅडम, तवा तुमास्नी ठावं हुतं न्हवं, चूक हाय ते?"

"होतं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"तुला सांगितलं असतं तर शेजारच्या हॉलमधल्यांना कोण सांगणार होतं?"

ती विचार करत राहिली. "व्हय. ते बी खरं." पण तिचा चेहरा निवळला नाही. तिने पिशवी खांद्याला लावली आणि दारातून वळून म्हणाली, "ऱ्हासाचं मला येत हुतं. गुळाचं. समदं येत हुतं." आणि ती बसला पळाली. मी फळा पुसायचं विसरून तशीच उभी राहिले.

सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. नमस्कार केला तर मान हलवायचे. स्टाफरूममध्ये मी गेले की दोनतीन जण चहाचा कप घेऊन उठायचे. नेमणुकीच्या कागदाची वाट बघताना मी रोज ऑफिसच्या खिडकीवरून मुद्दाम जायची. घरी विचारलं की सांगायची, येईल. खरं म्हणजे दुसऱ्या एका कॉलेजात तासिकेवर जागा आहे का, याची चौकशीही मी करून ठेवली होती.

कागद आला. सही सरांची होती.

पुढच्या सत्राच्या परीक्षेआधी शिपाईमामा एक बंद पाकीट घेऊन माझ्याकडे आले. आत सरांच्या अक्षरात इंग्रजी प्रश्न होते, नेहमीसारखे टोकदार. प्रत्येक प्रश्नाखालची मराठीची ओळ मात्र मोकळी होती. सोबत चिठ्ठी नव्हती. मी दार लावून बसले आणि एकेक ओळ भरली. प्रत्येक शब्द पुस्तकात बघितला, पाठ असलेलाही. भरून झाल्यावर पाकीट स्वतः घेऊन केबिनमध्ये गेले.

सरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. एका जागी बोट थांबलं. "इथे संकोच का? ऱ्हास का नाही?"

"प्रश्नात किंमत वाढलीय, सर. बाकी सगळं कायम."

"म्हणजे रेघ तीच."

"हो."

त्यांनी इंग्रजी ओळ पुन्हा वाचली, मग मराठी. ओठ हलत होते. "पोरांची जीभ अडखळते हे शब्द म्हणताना," ते म्हणाले.

"इंग्रजी शब्दांनाही अडखळते, सर."

ते हसले नाहीत. पेनचं टोपण काढून त्यांनी खाली सही केली, आणि त्यांच्या सहीशेजारी थोडी जागा सोडून पेन माझ्याकडे सरकवलं. "तुमचीही करा," म्हणाले. "दोघांची असू दे."